४ मे की ५ एप्रिल?

क्लेम नाकारल्याचा मेल गेला आणि दहा मिनिटांत एका मॅडमचा फोन आला. "अहो, एक्केचाळीस दिवसांत पाठवलाय मी क्लेम. तुमचा मेल सत्तर म्हणतोय. हे सत्तर आणलेत कुठून?"

प्रवासखर्चाचे क्लेम तपासणारा प्रोग्रॅम मीच लिहिलेला, म्हणून फोन माझ्याकडे. नियम एका ओळीचा आहे: खर्चाच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत क्लेम पोचला पाहिजे. हा पोचला होता १४ जून २०२४ ला. ती तारीख सर्व्हर स्वतः नोंदवतो, तिच्याबद्दल वाद नाही. खर्चाची तारीख मात्र माणूस फाइलमध्ये हाताने टाइप करतो. मॅडमनी टाइप केलं होतं `04/05/2024`. त्यांच्या मनात ४ मे, प्रोग्रॅमने वाचलं ५ एप्रिल. ४ मेपासून १४ जूनपर्यंत ४१ दिवस होतात, ५ एप्रिलपासून ७०. वजाबाकी दोघांचीही बरोबर.

आमच्याकडे क्लेम वेगवेगळ्या देशांतून येतात. कोणी दिवस आधी लिहितं, कोणी महिना आधी. तेव्हा मला वाटलं, मी महिना-आधी धरून चाललो होतो, यांनी दिवस-आधी लिहिलंय, एक सेटिंग उलटं केलं की झालं. तसं करायच्या आधी सहज त्यांची अख्खी फाइल उघडली, आणि बरं झालं उघडली. तिच्यात `28/05/2024` आणि `31/05/2024` अशाही ओळी होत्या, आणि त्या प्रोग्रॅमने बिनबोभाट २८ मे आणि ३१ मे अशा वाचल्या होत्या. म्हणजे एकाच व्यक्तीच्या, एकाच बैठकीत भरलेल्या फाइलमधल्या काही ओळी दिवस-आधी वाचल्या गेल्या आणि काही महिना-आधी. माणूस असं कधी लिहीत नाही.

हा प्रताप होता तारीख वाचणाऱ्या लायब्ररीचा. पायथॉनमधली `dateutil` काही वेगळं सांगितलं नसेल तर महिना आधी धरते. पण पहिला आकडा १२ च्या वर गेला की तक्रार न करता आकड्यांची अदलाबदल करते:

```python
from dateutil import parser
parser.parse("28/05/2024")  # 28 मे
parser.parse("04/05/2024")  # 5 एप्रिल
```

मदत करायचा हेतू चांगलाच. पण त्यामुळे ज्या ओळीवर गाडी अडायला हवी होती, नेमकी तीच ओळ सुरळीत पुढे जाते. `28/05` ही त्या फाइलमधली साक्षीदार ओळ होती, "इथे दिवस आधी आहे" असं सांगणारी. तिची साक्ष तिच्यापुरती वापरली गेली आणि शेजारच्या ओळीला कळवलीच नाही. `dayfirst=True` दिलं तरी हा स्वभाव बदलत नाही, फक्त अदलाबदल उलट्या बाजूने होते. `dayfirst` ही पसंती आहे, सक्ती नाही.

त्याच फाइलमध्ये आणखी एक ओळ होती, `10/05/2024`. मॅडमच्या मनात १० मे. प्रोग्रॅमने वाचलं ५ ऑक्टोबर. क्लेम जूनमध्ये पोचला, खर्च ऑक्टोबरमध्ये झाला! १४ जूनमधून ५ ऑक्टोबर वजा केला की येतात उणे ११३ दिवस. आता माझा नियम काय म्हणत होता? `days <= 60`. उणे ११३ हे ६० पेक्षा कमीच की. ओळ पास! नाकारलेली ओळ आरडाओरडा करते, चुकून पास झालेली गप्प बसते.

वर्षातल्या किती तारखा अशा दुतोंडी असतात? दिवस १२ किंवा कमी असेल तरच घोटाळा, म्हणजे १२ गुणिले १२, १४४ तारखा. त्यातून `03/03` सारख्या, कशाही वाचल्या तरी एकच असणाऱ्या १२ काढल्या की उरल्या १३२. ३६५ पैकी १३२. बाकीच्या २३३ तारखांना प्रोग्रॅम अगदी शहाण्यासारखा वागतो, म्हणून चाचणीत हे सापडत नाही. माझ्या चाचणीच्या फाइलमध्ये मी स्वतः १५, २०, २५ अशा तारखा टाकल्या होत्या. हसू नका, तुमच्याही तशाच असतील.

आता माझं म्हणणं. मुदतीचा नियम चालवायच्या आधी तारीख कोणती हे ठरलेलं असलं पाहिजे, आणि ते ठरवताना मुदतीचा विचार मनात येता कामा नये. या दोन्ही गोष्टी मी नंतर टीममध्ये भांडून मान्य करून घेतल्या. दुसरीसाठी जास्त भांडावं लागलं.

पहिलीची कृती सोपी आहे. एकेक ओळ वाचायची नाही, फाइल एकगठ्ठा वाचायची. आधी सगळ्या ओळी काटेकोरपणे दिवस-आधी वाचून बघायच्या, मग सगळ्या महिना-आधी. एक जरी ओळ बसली नाही तरी तो अख्खा पर्याय बाद.

```python
from datetime import datetime

def readings(cells):
    ok = []
    for fmt in ("%d/%m/%Y", "%m/%d/%Y"):
        try:
            ok.append([datetime.strptime(c, fmt) for c in cells])
        except ValueError:
            pass
    return ok
```

एकच यादी परत आली तर प्रश्न मिटला. मॅडमच्या फाइलमध्ये तसंच झालं: `28/05` मुळे महिना-आधी बाद झालं, `04/05` आपोआप ४ मे ठरला, ४१ दिवस, क्लेम मुदतीत. एकही यादी आली नाही तर फाइलमध्ये दोन्ही पद्धतींची सरमिसळ आहे (बहुधा दोघांच्या याद्या एकत्र चिकटवलेल्या) किंवा कुठेतरी `31/02` आहे. ती माणसाकडे पाठवायची. दोन्ही याद्या आल्या तर फाइल खरंच संदिग्ध आहे. तिथे अंदाज करायचा नाही, विचारायचं.

`pandas` वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ते पहिल्या भरलेल्या ओळीवरून पद्धत ठरवतं आणि तीच पुढे सगळ्यांना लावतं. आधी ओळीगणिक ठरायचं, त्यापेक्षा हे बरंच. पण पहिलीच ओळ `04/05` असेल तर ते महिना-आधी धरतं आणि पुढे `28/05` आला की एरर देतं. एरर आली की लोक वैतागून जुनी ढिलाई परत चालू करतात. नका करू. ती एररच तुमची `28/05` ची साक्ष आहे.

कधी कधी पुरावा आपल्याकडे पोचायच्या आधीच पुसला जातो. महिना-आधी सेटिंगच्या संगणकावर एक्सेलमध्ये `04/05/2024` टाइप केलं की आत अक्षरं राहत नाहीत, ४५३८७ हा क्रमांक राहतो, म्हणजे ५ एप्रिल. शेजारचा `28/05/2024` त्याला तारीख म्हणून कळत नाही, तो मजकूर म्हणून तसाच पडून राहतो. ओळखायची खूण डोळ्यांना दिसते: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. आणि उजवीकडच्या सगळ्यांचा दिवस बाराच्या आत! तेव्हा उजवीकडच्या तारखा जशा दिसतात तशा खऱ्या नाहीत असं समजा. म्हणून आता टाइप केलेला मूळ मजकूर आम्ही वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा ठेवतो.

संदिग्ध फाइलसाठी दुसरा एक पुरावा सुचतो तो भविष्यातल्या तारखेचा. `10/05` ऑक्टोबर असूच शकत नाही, कारण क्लेम जूनमध्ये पोचला. हे वापरावं, कारण याचा मुदतीशी संबंध नाही. तारीख कोणतीही असो, आधी खर्च होतो आणि मग क्लेम येतो. पण याचं वजन `28/05` इतकं नाही. आगाऊ तिकीट काढणारे लोक खर्चाच्या रकान्यात प्रवासाची तारीख टाकून मोकळे होतात. तेव्हा भविष्यातली तारीख दिसली की आम्ही पद्धत ठरवत नाही, पण प्रश्न विचारतो.

आता ज्यावर भांडण झालं ते. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, "संदिग्ध असेल तर क्लेम मुदतीत बसेल ती तारीख धरू ना. माणसाचा फायदा होतोय, कोण तक्रार करणार?" ऐकायला उदार वाटतं. पण तीच तारीख परकीय चलनाचा दर काढायलाही वापरली जाते. मुदतीसाठी ४ मे धरायचा आणि दर मात्र दुसऱ्या कोडमधून ५ एप्रिलचा लागायचा, असं एकाच बिलाचं होऊ शकतं. संशयाचा फायदा द्यायचाच असेल तर तो नियम करणाऱ्यांनी उघडपणे द्यावा आणि फाइलवर तशी नोंद व्हावी. तारीख वाचणाऱ्या फंक्शनच्या पोटात लपवून नाही.

यावर त्याचा पुढचा मुद्दा, "मग दोन्ही वाचनांनी निकाल तोच येत असेल तर तरी सोडा." उदाहरणार्थ `05/06`: ५ जून धरला तर ९ दिवस, ६ मे धरला तर ३९, दोन्ही मुदतीत. हे मी अर्धं मान्य केलं. क्लेम अडवून ठेवायचं कारण नाही, पण तारीख ठरली असंही म्हणायचं नाही. ती जागा रिकामी ठेवून विचारायचंच, कारण दर लागायचाय.

विचारायचं कधी, हेही ठरवलंय: निकाल लागायच्या आधी. "तुमचा क्लेम ७० दिवसांचा म्हणून नाकारला, तारीख ४ मे होती का?" असं विचारलं तर प्रामाणिक माणूससुद्धा हो म्हणेल, आणि त्या उत्तरावर कोणाचाच विश्वास बसणार नाही. मॅडम खरंच बोलत होत्या, पण माझी खात्री पटली ती `28/05` मुळे, त्यांच्या शब्दामुळे नाही. हे मला आवडलं नाही. आता फाइल चढवल्याबरोबर स्क्रीनवर विचारतो: "हा खर्च ४ मे चा की ५ एप्रिलचा?" महिन्याच्या नावानिशी. आधी आम्ही `DD/MM` की `MM/DD` असं विचारत होतो, तेव्हा लोक जे आधी दिसेल ते दाबून पुढे जायचे.

मॅडमचा क्लेम त्याच दिवशी मंजूर केला. नियमात "दिवस शून्यापेक्षा कमी नकोत" ही अटही घातली. मग जुन्या मंजूर क्लेममध्ये उणे दिवसांच्या ओळी शोधल्या. निघाल्या, एकापेक्षा जास्त निघाल्या. त्यांतल्या एकाचाही फोन कधी आला नव्हता.