घंटा कोणाची?

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर जी मोठी घंटा टांगलेली आहे, ती १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आणलेली असल्याचे सांगतात. तेव्हा तिच्या मालकीविषयी तक्रार करण्याचा हक्क असलाच तर तो पोर्तुगीजांना असावा, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तक्रार आली ती सहली काढणाऱ्या एका संस्थेकडून, आणि तीही घंटेविषयी नव्हे, तर मी स्वतः काढलेल्या घंटेच्या फोटोविषयी. जुन्या घाटांविषयीचे माझे समाजमाध्यमावरचे पेज त्या सकाळी ‘अप्रकाशित’ झाले, तसे पत्र त्या माध्यमाकडून आले, आणि मीही थोडासा अप्रकाशित झालो.

पहिल्या तासात सुचणाऱ्या सर्व गोष्टी चुकीच्या असतात. नवे पेज काढावे, एकच विनंती सात वेळा पाठवावी, हे मलाही सुचले. पण नवे पेज म्हणजे बंदी चुकवण्याचा प्रयत्न समजला जातो. अखेर सौ.ने विचारले, “अहो, पत्र पूर्ण वाचलंत का?” वाचले नव्हते. त्यात तक्रारीचा क्रमांक, तक्रारदाराचे नाव व ईमेल, आणि तक्रार स्वामित्वहक्काची आहे की व्यापारचिन्हाची, हे सगळे लिहिलेले होते. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा, कारण पुढे ज्या प्रतिसूचनेविषयी, म्हणजे मजकूर चुकीने काढल्याचे कळवणाऱ्या उत्तराविषयी, सांगणार आहे, ती सोय फक्त स्वामित्वहक्काच्या तक्रारीसाठी आहे.

पत्रातून हेही कळले की घंटा हा माझा दुसरा गुन्हा होता. पहिला वाईच्या ढोल्या गणपतीचा. तो फोटो मला फॉरवर्ड होऊन आला होता आणि मी खाली ‘साभार : इंटरनेट’ असे नम्रपणे लिहून तो टाकला होता. शेजाऱ्याची सायकल न विचारता नेऊन तिच्यावर ‘साभार : शेजारी’ अशी चिठ्ठी लावली, तर जितके संरक्षण मिळेल, तितकेच या ओळीने मिळते. येथे लढण्यासारखे काही नव्हते. मूळ छायाचित्रकाराला मी माफीचे पत्र लिहिले आणि तक्रार क्रमांक देऊन ती मागे घेतल्याचे त्या माध्यमाला कळवण्याची विनंती केली. ते भले गृहस्थ निघाले. त्यांनी दोन ओळींत ते काम केले.

घंटेचा फोटो मात्र माझाच होता, फक्त ते सिद्ध करायचे होते. फोनमधली प्रत व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली असल्यामुळे तिच्यातली कॅमेऱ्याची आणि तारखेची नोंद पुसली गेली होती. मूळ मेमरी कार्ड शेवटी बटणांच्या डब्यात सापडले. त्यातल्या नोंदीप्रमाणे हा फोटो १ जानेवारी २००८ रोजी काढलेला होता, कारण त्या कॅमेऱ्याचे घड्याळ मी कधी लावलेच नव्हते. तक्रारदाराने आपला फोटो २०१७ चा असल्याचे म्हटले होते, त्यामुळे ही चुकीची तारीख माझ्या सोयीची होती. पण २००८ साली तो कॅमेरा बाजारातही आलेला नव्हता, आणि प्रतिसूचना खोट्या शपथेच्या शिक्षेचे भान ठेवून सही करायची असते. म्हणून मी फोटो २०१५ चा असल्याचे व घड्याळ कधी लावलेच नसल्याचे निमूटपणे लिहिले. खरा पुरावा कार्डावरच्या शेजारच्या चित्रांत होता. उचललेल्या फोटोला मागेपुढे काही नसते. माझ्या घंटेच्या आधी माझा अंगठा होता आणि नंतर उन्हात डोळे मिटून शिंकणारी सौ.

ही तीन चित्रे मी आधी त्या संस्थेला पाठवली. उत्तर आले नाही, तेव्हा प्रतिसूचना भरली. स्वामित्वहक्काविषयीच्या १९९८ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे तिच्यात काय काढले गेले, ते कोठे होते, ते चुकीने काढले गेले अशी आपली प्रामाणिक खात्री आहे, हे सांगून आपले नाव, पत्ता, फोन आणि सही द्यावी लागते. शिवाय अमेरिकेतल्या संघीय जिल्हा न्यायालयाचे अधिकारक्षेत्रही मान्य करावे लागते. सातारचे न्यायालय मी आजवर एसटीच्या खिडकीतूनच पाहिले आहे, त्यामुळे त्या रकान्यापाशी माझा हात थोडा थांबला. हा सगळा मजकूर, घरच्या पत्त्यासह, तक्रारदाराकडे जातो, हेही लक्षात ठेवावे. त्यानंतर कामाचे १० ते १४ दिवस वाट पाहायची. तेवढ्यात तक्रारदाराने दावा दाखल केल्याचे कळवले नाही, तर मजकूर परत येतो. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातल्या कलम ५२ मध्येही अशीच मुदत आहे: लेखी तक्रारीनंतर २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर मजकूर पुन्हा दाखवता येतो.

चौदाव्या दिवशी फोटो परत आला. पेज मात्र दिसेना. दोन दिवस हळहळल्यावर कळले की बंदी उठली असली, तरी ‘प्रकाशित करा’ हे बटण मलाच दाबायचे होते.

ते दाबून मी सौ.ला ही विजयवार्ता सांगितली. तिने शांतपणे विचारले, “माझा तो शिंकतानाचा फोटो त्या संस्थेकडे आहे ना? तो काढून टाकायला कोणता फॉर्म भरायचा?”