घर सोडलंत, पण बिल तुमच्याच खात्यातून जातंय

आज सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या ओळखीतली एक मुलगी कोपरखैरण्यातला भाड्याचा वन बीएचके सोडून २४ मेला पुण्याला गेली. सामान नेलं, किल्ली दिली, डिपॉझिट परत मिळालं, सगळं गोडीगुलाबीत. आणि आज, ऑक्टोबरात, बँकेचं स्टेटमेंट चाळताना तिला दिसलं की त्या घराचं वीजबिल जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशा चारही महिन्यांत तिच्याच खात्यातून गेलंय. २,३००, १,९४०, १,७६० आणि २,०८०. एकूण ८,०८० रुपये. नवा भाडेकरू चार महिने एसी लावून झोपला आणि बिल पुण्यातून भरलं गेलं!

तिने मालकांना फोन केला. मालक म्हणाले, "बेटा, मी कुठे घेतले तुझे पैसे? बिल भरलेलं दिसलं, मला वाटलं त्यानेच भरलं."

राग आला ना? मलाही आला. पण चरफडत का होईना, कबूल करायला हवं की मालक खोटं बोलत नाहीयेत. महावितरणला पैसे कोणी भरले याच्याशी घेणंदेणं नसतं. पैसे जमा होतात ते बारा आकडी ग्राहक क्रमांकावर, आणि तो क्रमांक मीटरचा, म्हणजे बहुतेक घरांत मालकाच्या नावाचा. जास्तीचे भरले गेले तरी ते त्याच क्रमांकावर पुढच्या बिलात वळते होतात, तुमच्या बँकेत परत येत नाहीत. म्हणून तिथे तक्रार करून काही हाती लागत नाही. वसुली करायची ती माणसांकडूनच.

आता मुद्द्याचं. त्या घरात असताना तिने अ‍ॅपमधून वीजबिलाला ऑटोपे लावला होता, म्हणजे बिल आपोआप खात्यातून जायचं. "मी अ‍ॅप काढून टाकलं होतं की," हे तिचं वाक्य. अहो, अ‍ॅप काढल्याने ऑटोपे बंद होत नाही! फोन बदलला तरी होत नाही. तुम्ही दिलेली परवानगी, म्हणजे मँडेट, बँकेकडे नोंदलेली असते. ती मुदत संपेपर्यंत किंवा तुम्ही रद्द करेपर्यंत जिवंत राहते. तिने तर मर्यादा पाच हजारांची ठेवली होती, म्हणून एकही बिल अडलं नाही. दीड हजाराची ठेवली असती तर पहिलंच बिल अडकलं असतं आणि जूनमध्येच उलगडा झाला असता.

ऑटोपे कुठून लावलाय हे आठवत नसेल तर आठवत बसू नका, स्टेटमेंट उघडा. ज्या दिवशी बिल गेलं त्या ओळीत यूपीआय लिहिलं असेल, तर ज्या अ‍ॅपमधून लावलं त्याच्या प्रोफाइलमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा भाग असतो. तिथे चालू असलेलं मँडेट निवडून रद्द करायचं आणि यूपीआय पिन टाकायचा. नुसतं थांबवून ठेवू नका, ते पुन्हा सुरू होऊ शकतं. ओळीत बिलपे असं काही असेल तर नेटबँकिंगमध्ये जोडलेल्या बिलांच्या यादीतून ग्राहक क्रमांकच काढून टाका. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये सापडलं तर कार्डाच्या स्टँडिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये जा. आणि हो, अर्धे लोक फसतात ते इथे: एकाच बिलासाठी दोन ठिकाणी ऑटोपे लावलेला असतो, एक बंद केला की हुश्श करतात. दोन्ही पाहा. रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा.

वेळही महत्त्वाची. यूपीआय आणि कार्डाच्या ऑटोपेत पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती येईपर्यंत थांबू नका, कारण तोवर ते बिल रांगेत लागलेलं असतं आणि ऐनवेळी रद्द केलं तरी निसटू शकतं. घर सोडायच्या आठवड्यातच बंद करा आणि शेवटचा हिस्सा हाताने द्या.

आता तो शेवटचा हिस्सा, भांडणाचं खरं मूळ. किल्ली देण्याच्या दिवशी मीटरवरच्या युनिटच्या आकड्याचा फोटो काढा, मीटर नंबरही दिसेल असा. स्क्रीनवर आकडे फिरत असतात, त्यातला केडब्ल्यूएच लिहिलेला घ्यायचा. या मुलीने एवढं एक मात्र केलं होतं, शाब्बास. ६ मेच्या बिलात चालू रीडिंग ८,४१२ होतं, २४ मेच्या फोटोत ८,५६१. म्हणजे तिचे युनिट १४९. पुढचं रीडिंग ६ जूनला ८,६४२ आलं, म्हणजे बिल २३० युनिटचं, २,३०० रुपये. नवा भाडेकरू २७ मेला राहायला आला होता, उरलेले ८१ युनिट त्याचे. २,३०० ला २३० ने भागून १४९ ने गुणलं की १,४९० येतात. तिचं देणं एवढंच. ८,०८० मधून ते वजा केले की ६,५९० रुपये तिचे येणे आहेत.

कोणी म्हणेल, स्लॅबने काढा. नका काढू. पहिले शंभर युनिट स्वस्त, पुढचे महाग. मग स्वस्तातले युनिट कोणाचे यावरून दोघे भांडत बसतात. पूर्ण बिल येऊ द्या आणि युनिटच्या प्रमाणात वाटा. स्थिर आकार दिवसांनी वाटणं जास्त काटेकोर, पण त्यातून फार तर थोडे रुपये इकडचे तिकडे होतील.

पाइप गॅसचं दुखणं वेगळं. बिल दोन महिन्यांनी येतं आणि रीडिंग मिळालं नाही तर अंदाजाने लावतात. मग खरं रीडिंग मिळालं की फरकाचं बिल येतं, आणि तुम्ही गेलेले असता. म्हणून गॅस मीटरचाही फोटो हवा. काळे आकडे वाचायचे, लाल सोडून द्यायचे. जोडणी मालकाची असेल तर बंद करायचा अर्ज करू नका, तुमचा फक्त ऑटोपे बंद करायचा. जोडणी तुमच्या नावावर असेल तर मात्र कंपनीकडे अर्ज करून शेवटचं रीडिंग, शेवटचं बिल आणि अनामत परत घ्या. विजेची जोडणी तुमच्या नावावर असेल तरी हेच. गॅसची नळी स्वतः काढायचा शहाणपणा कोणी करू नये. पाण्याचं बिल फ्लॅटमध्ये सहसा सोसायटीच्या मेंटेनन्समध्येच येतं, तेव्हा मेंटेनन्सचा ऑटोपे तेवढा तपासा.

लिहिता लिहिता माझा राग मालकांवरून उतरला. चार महिने बिल आपोआप भरलं जातंय आणि एकदाही विचारलं नाही, त्या भाडेकरूवर आता आलाय. अर्थात मालकांनी कळवलं नसेल तर त्यालाही वाटलं असेल की भाड्यातच धरलंय. असू दे. मालक आता त्याच्याकडून हप्त्याने घेऊन देतो म्हणालेत. माणूस वाईट नाही.

ताजा कलम: मुलीचा आत्ताच फोन. मँडेट रद्द झालंय, पण नव्या बिलाचा एसएमएस अजून तिलाच आला! कारण ग्राहक क्रमांकाला मोबाइल तिचा जोडलेला. मालकांनी स्वतःच्या मोबाइलवरून

```
MREG <१२ आकडी ग्राहक क्रमांक>
```

असा एसएमएस ९९३०३९९३०३ वर पाठवला की नंबर बदलतो. मालकांना आत्ताच सांगितलंय, ते चष्मा शोधतायत.