मानसिक आजारातला आगाऊ निर्देश: त्या मेसेजमध्ये काय चुकलंय

“सावधान! नव्या कायद्याने मनोरुग्ण ‘मला औषध नको’ असं लिहून देऊ शकतो. मग डॉक्टरांचे हात बांधलेले, घरच्यांना काडीचा अधिकार नाही, आणि एकदा केलेला कागद बदलता येत नाही. ज्याला स्वतःचं भान नाही त्याची सही घेऊन उपयोग काय?”

मेसेजमधल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच येतो. भान हरपलेलं असताना हा कागद करायचाच नसतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ५ प्रमाणे कोणीही सज्ञान माणूस, त्याला आधी आजार झालेला असो वा नसो, बरा असताना आगाऊ निर्देश, म्हणजे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत हे, लिहून ठेवू शकतो. उपचारांचा निर्णय घेण्याची त्याची क्षमता गेली की तो लागू होतो आणि क्षमता परत आली की थांबतो. मधल्या काळात तो नुसता फायलीत असतो. माणूस स्वतः निर्णय घेऊ शकतोय तोवर तो तोंडाने सांगेल तेच खरं. आणि डॉक्टरांना किंवा सासूबाईंना एखादा निर्णय पटला नाही, एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरत नाही. हेही कायद्यातच आहे, कलम ४ मध्ये.

आता ‘औषध नको’. मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून मी असे कागद लिहून घ्यायला बसते, तेव्हा सरसकट नकार क्वचितच समोर येतो. येतो तो एखाद्या ठरावीक गोष्टीला नकार, आणि त्यामागे कारण असतं. एक नमुना घेऊ, दोन-तीन जणांचे अनुभव एकत्र करून बनवलेला. पस्तिशीतल्या एक शिक्षिका, कधी अति उत्साह तर कधी खोल नैराश्य असा बायपोलर आजार, लिथियम या औषधावर स्थिर. पहिल्या वाक्यात त्या म्हणतात, “मला इंजेक्शन द्यायचं नाही.” हे असंच लिहून घेतलं तर तो कागद मध्यरात्री कुणाच्याच कामाचा नाही. म्हणून विचारायचं: कोणतं इंजेक्शन, काय झालं होतं? तेव्हा कळतं की मागच्या वेळी हॅलोपेरिडॉल दिल्यावर काही तासांत त्यांची मान एका बाजूला वळली, जबडा आखडला, आणि बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. हा औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. प्रोमेथाझिन सोबत दिलं तर त्याची शक्यता बरीच कमी होते.

मग मजकूर असा होतो: “शांत करण्यासाठी आधी तोंडावाटे औषध विचारा, मी बहुतेक घेते. इंजेक्शन लागलंच तर लोराझेपाम. हॅलोपेरिडॉल एकटं देऊ नका. द्यावंच लागलं तर प्रोमेथाझिनसोबत द्या आणि मान-जबड्याकडे लक्ष ठेवा. लिथियम चालू ठेवा; पण उलट्या-जुलाब होत असतील किंवा मी दोन दिवस नीट पाणी प्यायले नसेन तर आधी रक्तातली पातळी बघा.” पुढे त्यांनी आजार उलटण्याच्या खुणाही लिहिल्या: रात्री दोन-तीन तासांवर झोप, पहाटे जुन्या विद्यार्थ्यांना फोन, एका आठवड्यात तीन साड्यांची ऑर्डर. हा भाग कायद्याने मागितलेला नाही, पण नवऱ्याला आणि ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडतो.

डॉक्टरांच्या हातांबद्दल. वैध निर्देशाप्रमाणे उपचार करणं हे त्यांचं कर्तव्य आहे, हे मेसेजमध्ये बरोबर आहे. पण कलम ९ सांगतं की तातडीच्या उपचाराला निर्देश लागू होत नाही. जीव जाण्याचा किंवा स्वतःला-दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तर डॉक्टर उपचार करतातच, रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी तिथे असेल तर त्याची संमती घेऊन. ही सवलत सर्वसाधारणपणे ७२ तासांपुरती, आणि तिच्यात विजेचे उपचार बसत नाहीत. त्यानंतरही निर्देश पाळणं योग्य वाटत नसेल, तर डॉक्टर, नातेवाईक किंवा काळजीवाहू या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करू शकतात. मंडळ काय बघतं ते मसुदा लिहिणाऱ्याने पाठच करावं: स्वखुशीने लिहिला का, पुरेशी माहिती दिली होती का, तेव्हा क्षमता होती का, आणि आत्ताची परिस्थिती लिहिणाऱ्याच्या मनात होती का. म्हणूनच आम्ही एका बैठकीत कागद उरकत नाही, डिस्चार्जच्या गडबडीत तर नाहीच. एक बैठक रुग्णाबरोबर एकट्याने होते. मनोविकारतज्ज्ञ त्याच तारखेला केसपेपरवर क्षमतेची नोंद करतात, आणि प्रत्येक पसंतीशेजारी तिचं कारण रुग्णाच्याच शब्दांत येतं. ‘हॅलोपेरिडॉल नको’ एवढंच असेल तर मंडळापुढे ती हट्टाची बाब वाटू शकते. मान वळल्याचा प्रसंग सोबत असेल तर वाटणार नाही.

मेसेजला एक गोष्ट मान्य करायला हवी. कुणी खरंच सगळ्या उपचारांना नकार लिहून ठेवला तर ७२ तासांनंतर पेच पडतो, आणि मंडळाचा निर्णय यायला वेळ जातो. पण फ्रान्समध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्वतः आजारातून गेलेल्या माणसांच्या मदतीने निर्देश लिहिण्याची सोय दिलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांना सक्तीने दाखल करावं लागलं. ती सोय न दिलेल्या गटात सुमारे ४० टक्क्यांना. कागदामुळे उपचार बंद पडत असते, तर हे आकडे उलटे दिसले असते.

घरच्यांचा अधिकार जात नाही. तो कुणी वापरायचा, हे रुग्ण ठरवतो. आमच्या शिक्षिकेने नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून पहिलं नाव धाकट्या बहिणीचं घातलं, दुसरं नवऱ्याचं. नवरा दुखावला. “मी काय परका?” त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही घाबरून डॉक्टर म्हणतील त्याला हो म्हणता. ती प्रश्न विचारते.” क्रम लावायची सोय कायद्यातच आहे. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्याची लेखी संमती हवी. बहिणीला न विचारता तिचं नाव घालणं ही नेहमीची चूक. प्रतिनिधीने स्वतःच्या मर्जीने नव्हे, तर रुग्णाच्या इच्छा, मूल्यं आणि हित बघून आधार द्यायचा असतो. दाखल करण्याचा, घरी सोडण्याचा अर्ज तो करू शकतो. पैशांवर किंवा शेतावर त्याचा हक्क यातून येत नाही, हे दिराला वेगळं समजावून सांगावं लागतं. कुणालाच नेमलं नसेल तर नातेवाईक, मग काळजीवाहू, असा क्रम आपोआप लागतो. म्हणजे सहा वर्षं वेगळा राहणारा नवराही पुढे येऊ शकतो. ज्यांचं घरात पटत नाही, त्यांनी तर हा कागद करावाच.

आणि बदल? कलम ८ प्रमाणे तो कधीही बदलता किंवा रद्द करता येतो, फक्त पद्धत पहिल्या वेळचीच: ठरलेल्या नमुन्यात, साक्षीदारांसमोर. आम्ही प्रत्येक आजारपणानंतर, औषध बदललं की आणि प्रतिनिधीची परिस्थिती बदलली की कागद पुन्हा उघडतो. बहीण लग्न होऊन दुबईला गेली, तर रात्री दोनला पोहोचणार कोण? खरी अडचण वेगळीच असते. जुनी प्रत फायलीत तशीच राहते आणि गर्दीच्या वेळी हाताला तीच लागते. म्हणून प्रत्येक पानावर तारीख आणि सही, आणि नवीन झाल्यावर जुन्यावर ‘रद्द’ लिहून ती परत मागवायची. प्रत डॉक्टरांपर्यंत पोहोचवणं कायद्याने रुग्णाचं आणि प्रतिनिधीचं काम आहे. प्रत मिळालीच नसेल तर निर्देश न पाळल्याबद्दल डॉक्टर जबाबदार धरले जात नाहीत. शिक्षिकेच्या तीन प्रती निघाल्या: एक केसपेपरला, एक बहिणीकडे, एक घरी औषधांच्या डब्यात. फोटो नवऱ्याच्या मोबाइलवर.