डीएनएस बदलून नॅट उघडत नाही

"घरचं ब्रॉडबँड बंद? टेन्शन नॉट! मोबाईलचा हॉटस्पॉट लावा आणि कन्सोलवर बिनधास्त ऑनलाइन खेळा. १) स्पीड टेस्टला १०० आलं की लॅग शून्य. २) नॅट टाइप ३ येतोय? डीएनएसमध्ये 8.8.8.8 टाका, लगेच ओपन. ३) गेम खेळताना डेटा लागतच नाही. मित्रांना पाठवा!"

मित्रांनी पाठवलं, आणि ते माझ्या भाच्यापर्यंत पोहोचलं. शनिवारची अख्खी संध्याकाळ तो पीएस५ वर डीएनएसचे आकडे बदलत बसला. 8.8.8.8 झालं, 1.1.1.1 झालं, फोन तीनदा बंद-चालू झाला. Test Internet Connection मध्ये दर वेळी तोच Type 3, म्हणजे सगळ्यात कडक नॅट. शेवटी वैतागून मला फोन. म्हणून आधी दुसऱ्या मुद्द्याकडे येतो.

डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की पत्ता देणारी वही. सर्व्हरचा पत्ता मिळाला की तिचं काम संपलं. बाहेरून येणारं पॅकेट तुमच्या कन्सोलपर्यंत पोहोचू द्यायचं की नाही, हे ठरतं वाटेतल्या नॅटवर, म्हणजे एकच पत्ता अनेक यंत्रांत वाटणाऱ्या व्यवस्थेवर. वही बदलून कुलूप कसं उघडेल?

आणि हॉटस्पॉटवर कुलपं दोन असतात. भाच्याला पीएस५ चा आयपी पत्ता वाचायला सांगितला. तो निघाला 192.168.43 ने सुरू होणारा, म्हणजे फोननेच वाटलेला खासगी पत्ता. हे पहिलं नॅट. मग फोनचं वायफाय बंद करून सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' मध्ये फोनचा स्वतःचा पत्ता बघायला लावला. तो 100.72 ने सुरू होत होता. इथेच उत्तर मिळालं. एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ या दस्तऐवजाने 100.64.0.0 ते 100.127.255.255 हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला आहे: सेवा देणाऱ्या कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायचा. म्हणजे दुसरं नॅट कंपनीच्या यंत्रात. घरच्या राउटरवर पोर्ट उघडता येतं, यूपीएनपी चालू करता येतं. कंपनीच्या यंत्रात तुम्हाला कोण शिरू देणार? तुमच्या फोनवर 10. ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी अर्थ तोच.

मग टाइप ३ वर खेळताच येत नाही का? येतं, आणि हे फॉरवर्डवाल्याला सांगायचंच नाही. ज्या गेमचे स्वतःचे सर्व्हर असतात तिथे कन्सोल आपणहून बाहेर जोडणी करतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. तिथे टाइप ३ सहसा जाणवत नाही. अडतं ते खेळाडूंचे कन्सोल एकमेकांशी थेट जोडणाऱ्या गेममध्ये. भाचा आणि त्याचा एक मित्र, दोघेही हॉटस्पॉटवर. खोली बनवली की दुसऱ्याला आत येताच येईना. ब्रॉडबँडवर असलेल्या तिसऱ्याने खोली बनवली आणि दोघेही आत आले. आवाज मात्र फक्त तिसऱ्याचाच. हे दोघे एकमेकांना मुकेच. टाइप ३ ची ही खूण लक्षात ठेवा. उपाय एवढाच: ज्याचं नॅट मोकळं आहे त्याला यजमान करा आणि बोलायला फोनवर वेगळा कॉल लावा.

लॅगचं थोडक्यात. गेमला १०० एमबीपीएस लागतच नाहीत, लागतं ते एकसारखं पिंग. मोबाईल नेटवर्कवर ते ४० वरून अचानक २०० वर उडी मारतं, आणि स्पीडचा मोठा आकडा पाहून ते कळत नाही. त्यात फोन मागच्या मागे फोटोंचा बॅकअप चढवत असेल तर खेळ संपलाच. तो आधी थांबवा. फोन खिडकीजवळ आणि चार्जरला ठेवा. हॉटस्पॉट शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, कारण कंट्रोलरचं ब्लूटूथ २.४ वरच चालतं. पण अगदी पहिल्या पीएस४ ला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. 'हॉटस्पॉट यादीत येत नाही' म्हणणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. नुसत्या खेळाला तासाला साधारण शंभरेक एमबी, बहुतेकदा त्याहूनही कमी. पण कन्सोलला हॉटस्पॉट आणि ब्रॉडबँड यातला फरक काय कळणार? एखादा अपडेट सहज वीस-तीस जीबीचा असतो आणि तो न विचारता उतरू लागतो. भाच्याचा त्या दिवसाचा डेटा खेळाने नाही, अपडेटने संपवला. हॉटस्पॉट जोडण्याआधी Saved Data and Game/App Settings मधलं Automatic Updates बंद करा, आणि Power Saving मध्ये Features Available in Rest Mode खालचं Stay Connected to the Internet सुद्धा. नाहीतर तुम्ही झोपलेले असताना कन्सोल उतरवत बसेल.