गोल चट्टा म्हणजे नायटाच? फोटो दाखवून ट्यूब आणण्याआधी

"अंगावर गोल लाल चट्टा, कड उठलेली आणि मधे साफ, असं दिसलं की तो नायटाच, दुसरं काही नसतं. डॉक्टरला पाचशे रुपये घालवू नका. मोबाइलवर फोटो काढून मेडिकलवाल्याला दाखवा आणि तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब मागा. दोन दिवसांत खाज गेली की बरं झालं, ट्यूब बंद करा. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजमधलं वर्णन बरोबर आहे. नायट्याचा चट्टा असाच दिसतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत असा चट्टा घेऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना नायटाच असतो, हे त्वचारोगाचा डॉक्टर म्हणून मला मान्य आहे. चूक तिथून पुढे सुरू होते.

आधी आकाराचं बघू. नायट्याची बुरशी त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थरावर जगते. एका जागी रुजली की ती चहूबाजूंनी बाहेर सरकते, आणि मागे राहिलेली त्वचा हळूहळू सावरते. डोंगरावरच्या वणव्यासारखंच हे: आग कडेला, मधलं जळून विझलेलं. म्हणून नायट्याची कड उठलेली असते, तिच्यावर बारीक खवले असतात आणि मधला भाग तुलनेने स्वच्छ. पण एका बिंदूपासून बाहेर पसरणारा कुठलाही दाह वर्तुळच काढणार. वर्तुळ फक्त दिशा सांगतं, बाहेर सरकतंय ते नक्की काय आहे हे सांगत नाही.

नाण्याएवढ्या चकत्यांचा इसब असतो. तो सहसा मधे साफ नसतो, सगळाच्या सगळा पेटलेला असतो आणि कधी ओलावतो. पिटिरियासिस रोझिया नावाचा त्रास आहे. त्यात पोटावर किंवा पाठीवर आधी एकच मोठा गोल चट्टा उठतो, आणि आठवडा-दोन आठवड्यांत बरगड्यांच्या दिशेने तिरपे, लहान लंबगोल चट्टे पसरतात. पहिल्या चट्ट्याचा फोटो पाहिला तर कुणीही नायटा म्हणेल. हा त्रास बहुधा सहा-आठ आठवड्यांत आपोआप ओसरतो, त्याला बुरशीच्या औषधाची गरज नसते. ग्रॅन्युलोमा अ‍ॅन्युलेअरमध्ये हाताच्या पाठीवर किंवा घोट्याजवळ मण्यांची माळ ठेवल्यासारखं टणक कडं दिसतं, आणि त्यावर खवला अजिबात नसतो. सोरायसिसही कधीकधी कड्यांच्या रूपात येतो.

या सगळ्यांत चूक झाली तर फार तर वेळ आणि पैसे जातात. एका आजाराच्या बाबतीत मात्र बोटं वाकडी होऊ शकतात. तो म्हणजे कुष्ठरोग.

2005च्या डिसेंबरमध्ये देशपातळीवर कुष्ठरुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि अनेकांना वाटलं की आजारच गेला. तो गेलेला नाही. महाराष्ट्रात आजही दरवर्षी नवे रुग्ण सापडतात. त्याचा एक प्रकार अगदी गोल चट्ट्याच्या रूपात येतो: कड किंचित उठलेली, मधला भाग सपाट आणि फिका. फोटोत तो आणि नायटा शेजारी ठेवले तर अनुभवी डोळाही फसू शकतो. फरक कळतो तो हात लावल्यावर. चट्टा कोरडा लागतो, त्यावर घाम येत नाही, केस विरळ झालेले असतात. खाज बहुधा नसते, आणि तिथली संवेदना कमी झालेली असते.

संवेदना तपासण्याची पद्धत साधी आहे, पण ती नीट करावी लागते. रुग्णाला आधी डोळे उघडे ठेवून कापसाचं वळलेलं टोक लावून दाखवतो, म्हणजे काय होणार आहे ते त्याला कळतं. मग डोळे मिटायला सांगतो आणि "स्पर्श जाणवला की तिथे बोट ठेवा" म्हणतो. चांगल्या त्वचेवर बोट नेमकं जागेवर पडतं. चट्ट्यावर कापूस टेकवला की हात जागचा हलत नाही, किंवा बोट भलतीकडेच जातं. त्यानंतर नसा चाचपतो: कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीत, गुडघ्याखाली पायाच्या बाहेरच्या अंगाला, मानेच्या बाजूला. एखादी दोरीसारखी जाड लागली किंवा दाबल्यावर दुखली तर शंका पक्की होत जाते. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत राहू शकते, म्हणून नुसत्या एका चाचणीवरही भिस्त ठेवता येत नाही. औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, सहा महिने किंवा बारा महिने, चट्टे आणि नसा किती आहेत त्यावर. उशीर झाला तरी रोग बरा होतो, पण मेलेली नस परत येत नाही.

आता फोटोकडे येऊ. फोटोला स्पर्श नसतो, हे वर आलंच. शिवाय तो जे दाखवतो तेही पूर्ण खरं नसतं. मोबाइल रंग स्वतः ठरवतो. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो आणि खिडकीपाशी काढलेला फोटो यांत एकच चट्टा दोन रोगांसारखा दिसतो. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसतच नाही, ती तपकिरी किंवा जांभळट दिसते, आणि आपण नेटवर ज्यांच्याशी ताडून बघतो त्या चित्रांत बहुतेक त्वचा गोरी असते. आंघोळीनंतर खोबरेल तेल लावलं असेल तर खवले गायब होतात, आणि नायट्याची मुख्य खूणच फोटोतून पुसली जाते. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे फोटो मानेवरच्या एका चट्ट्याचा असतो. जांघेत, काखेत, नखांत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात काय चाललंय ते त्यात येत नाही, आणि निदान कित्येकदा तिथेच असतं.

फोटोची जागाही आहे, ती नाकारत नाही. अंगावर पित्त उठतं तेव्हा एकेक गांध चोवीस तासांच्या आत मावळते आणि दवाखान्यात येईपर्यंत कातडी कोरी असते. अशा वेळी फोटो खरोखर उपयोगी पडतो. चट्टा आठवड्याभरात किती वाढला हे दाखवायलाही, दर वेळी त्याच प्रकाशात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढला तर.

मेडिकलमधली ती ट्यूब मात्र या मेसेजचा सगळ्यात घातक भाग आहे. "तीन-चार औषधं एकत्र" म्हणजे बुरशीचं एक, जंतूंचं एक-दोन, आणि एक जोरकस स्टेरॉइड, बहुधा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन. खाज थांबते ती या स्टेरॉइडने. ते शरीराचा दाह दाबतं. दाह हेच बुरशीला रोखणारं शरीराचं उत्तर होतं, ते दाबलं की बुरशीला मोकळं रान मिळतं. लाली जाते, खवले जातात, कड पुसट होते, आणि खाली बुरशी पसरत राहते. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018मध्ये केंद्र सरकारने त्यांतली अनेक शेड्यूल एच या यादीत आणली. काउंटरवर काय घडतं ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

एक नेहमीचं चित्र सांगतो, कुणा एकाचं नव्हे, असे बरेच जण येतात. हॉटेलात भट्टीपाशी उभं राहून काम करणारा तरुण. दिवसभर घाम, वर घट्ट जीन्स. कमरेला पट्ट्याखाली गोल चट्टा आला. ट्यूब लावली, तिसऱ्या दिवशी खाज गेली, ट्यूब बंद. दहा दिवसांनी खाज पुन्हा, चट्टा आधीपेक्षा मोठा. पुन्हा ट्यूब. चार महिन्यांनी तो दवाखान्यात येतो तेव्हा चट्ट्यात चट्टा, वर्तुळाच्या आत दुसरं वर्तुळ, अशी विचित्र नक्षी असते. मांडीच्या आत, जांघेजवळ जांभळट ताणाचे व्रण उठलेले असतात. त्वचा पातळ होऊन फाटल्याच्या त्या खुणा असतात. बुरशी गेली तरी त्या जात नाहीत. तोपर्यंत एकाच टॉवेलवर भागवणाऱ्या खोलीतल्या दुसऱ्या दोघांनाही खाज सुटलेली असते.

यावर डॉक्टर काय करतात? सगळे कपडे बाजूला करून अंग बघतात, नखंही. मग स्काल्पेलच्या बोथट बाजूने चट्ट्याच्या कडेवरून थोडे खवले खरवडतात. मधून नाही, कारण बुरशी जिवंत असते ती कडेला. ते काचेच्या पट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, कातडीच्या पेशी विरघळायला थोडा वेळ द्यायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. फांद्या फुटलेले लांब धागे दिसले तर बुरशी आहे. ही तपासणी स्वस्त आहे आणि त्याच भेटीत होऊ शकते. धागे दिसले नाहीत म्हणून बुरशी नाहीच असं मात्र नसतं. नुकतंच मलम लावलेलं असेल तर ते दडतात.

बुरशी निघाली तरी उपचार दोन दिवसांचा नसतो. नुसतं बुरशीचं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागा घेऊन लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवायचं. पसरलेला असेल तर गोळ्या लागतात, त्या यकृताचा आणि चालू असलेल्या इतर औषधांचा विचार करून. गेल्या काही वर्षांत हे आणखी अवघड झालंय. ट्रायकोफायटन इंडोटिनी ही नायट्याची बुरशी 2020मध्ये वेगळी जात म्हणून ओळखली गेली. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. आपल्या भागातून ती इतर देशांतही पोचली आहे, 2023मध्ये अमेरिकेतही तिचे रुग्ण नोंदले गेले. अर्धवट उपचार आणि स्टेरॉइडची मलमं यांनी अशा बुरशीला हातभार लावला, असं अनेक त्वचारोगतज्ज्ञांचं मत आहे.

पाचशे रुपयांचं म्हणाल, तर सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात नाममात्र केसपेपरवर हेच होतं. रांग असते, हे खरं.

चट्टा सुन्न वाटत असेल, किंवा ट्यूब बंद केल्यावर परत परत येत असेल, तर या आठवड्यातच दाखवा. पुरळासोबत ताप असेल, तोंडात किंवा डोळ्यांत फोड असतील, किंवा काचेचा ग्लास दाबल्यावरही लाल ठिपके मावळत नसतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना लावलेली ट्यूब सोबत न्या, चेपून रिकामी झालेली असली तरी. तिच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेल्या घटकांवरून आणि ती शेवटची कधी लावली यावरून, समोर दिसणाऱ्या चट्ट्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरतं.