४१२ फेल्ड लॉगिन, आणि वरून मेसेज "क्लोज कर ना बे"

सोमवार, सकाळचे सव्वानऊ. नागपूरचा मे महिना, खापरी मेट्रो स्टेशनवरून मिहानमधल्या ऑफिसात येईपर्यंतच शर्ट पाठीला चिकटलेला. डेस्कवर तर्री पोहे उघडले, पहिला घास तोंडात जायच्या आधी सीमवर लाल पट्टी. (सीम म्हणजे मोबाइलवालं नाही, सगळ्या मशीनचे लॉग जिथे येऊन पडतात आणि माझं आयुष्य जिथे वाया जातं ते.) अलर्टचं नाव "एक्सेसिव्ह फेल्ड लॉगिन", आत एकच आकडा, दहा मिनिटांत ४१२. बस. कोण, कुठून, किती जण, काही नाही. ४१२ म्हणजे काय बे? ४१२ लोक एकदा चुकले का एक माणूस ४१२ वेळा चुकला? या दोन गोष्टींत जमीन अस्मानाचा फरक आहे आणि आमच्या भैताड रूलला तो कळत नाही, कारण रूल लिहिणाऱ्याने फक्त एवढंच लिहिलंय की दहा मिनिटांत १०० च्या वर फेल झाले की बोंबल.

आणि दर सोमवारी हा बोंबलतोच! शुक्रवारी अर्ध्या ऑफिसचे पासवर्ड एक्स्पायर होतात, लोक घाईत नवीन ठेवतात, शनिवार रविवारात विसरतात, सोमवारी नऊला सगळे एकदम हाणायला लागतात. त्यामुळे सोमवारचा हा अलर्ट आला की न बघता "युजर एरर" लिहून क्लोज करायची आमच्याकडे परंपराच आहे. पंधरा मिनिटांत निकाल लावायची एसएलए, आणि दहाव्या मिनिटाला सरांचा व्हॉट्सॲप, "सोमवारचंच आहे, क्लोज कर ना बे."

नाही केलं. पोहे बाजूला ठेवले आणि पहिलं काम केलं ते ४१२ चे युजरप्रमाणे तुकडे. यात काही ब्रह्मज्ञान नाही, दोन मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही म्हणून राग येतो.

१९० एकट्या एका माणसाचे. सोर्स ऑफिसच्या वायफायचा सर्व्हर. शुक्रवारी पासवर्ड बदलला, लॅपटॉपवर नवीन टाकला, फोनमधल्या वायफायला सांगायचं राहिलं, आता फोन बापडा खिशातून जुनाच पासवर्ड पाठवून रायला. पहिल्या पाचांवर कोड 0xC000006A, म्हणजे नाव बरोबर पासवर्ड चूक, आणि त्यानंतर ओळीने 0xC0000234, म्हणजे अकाउंट लॉक झालंय तरी हा ठोकतोच आहे. माणूस असं करत नाही, माणूस चार वेळा चुकला की शिव्या देऊन हेल्पडेस्कला फोन लावतो. १४३ एका सर्व्हिस अकाउंटचे, म्हणजे माणसाचं नाही, प्रोग्राम चालवायला ठेवलेलं. कोणीतरी त्याचा पासवर्ड बदलला आणि शेड्युल्ड टास्कांमध्ये बदलायचं विसरला, लॉगॉन टाइप ४, म्हणजे वेळ लावून ठेवलेलं काम, सोर्स ते टास्क जिथे चालतात तोच सर्व्हर, घड्याळ लावल्यासारखं नेमक्या अंतराने. आणि १८ होते पाच खऱ्याखुऱ्या माणसांचे, तीन-चार वेळा चुकले आणि मिनिटा-दोन मिनिटांत त्याच मशीनवरून 4624, म्हणजे घुसले आत, चहा प्यायला मोकळे.

इथपर्यंत ३५१ झाले. इथेच आमचे लोक म्हणतात, झालं ना, क्लोज. अरे पण ६१ उरले ना राजा!

आणि त्या ६१ मध्ये किती युजर? ६१. प्रत्येकी एक प्रयत्न. एकच. कोणी दुसऱ्यांदा ट्राय केलं नाही. सांगा बरं, जगात कोणता माणूस पासवर्ड एकदा चुकल्यावर गपगार घरी जातो? आमच्या अकाउंट्सच्या काकू कॅप्स लॉक चालू ठेवून सलग चार वेळा टाकतात आणि मग कीबोर्ड खराब आहे म्हणून तक्रार करतात, तो असतो युजर एरर. शिवाय हे ६१ जण लॉगिन कोणत्या क्रमाने करून रायले? डी पासून के पर्यंत, एबीसीडीप्रमाणे, दर दहा सेकंदाला एक. जणू शाळेत हजेरी चालू आहे. आणि त्यातल्या १४ वर कोड 0xC0000064, म्हणजे असा युजरच नाही. नावं बघितली तर नोकरी सोडून गेलेल्यांची, ज्यांची अकाउंटं आम्ही कधीच डिलीट केली. म्हणजे कोणीतरी नेटवरून जुनी-नवी सगळी नावं गोळा करून आमच्या मेल आयडीच्या साच्यात बसवलीत. स्वतःचं नाव चुकीचं टाइप केलेला माणूस वेगळा दिसतो, त्याच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे असतं आणि लगेच खाली बरोबर नाव असतं. इथे चौदाच्या चौदा नावं स्पेलिंगसकट शुद्ध.

हे पासवर्ड स्प्रेइंग आहे. एका अकाउंटवर हजार पासवर्ड मारले तर पाचव्याला लॉक होतं, म्हणून हे लोक उलटं करतात, एकच पासवर्ड घ्यायचा आणि सगळ्या नावांवर एकेकदा मारायचा, मग थांबायचं, लॉकआउटचा काउंटर शून्य होऊ द्यायचा, मग दुसरा पासवर्ड.

सरांना सांगितलं तर उत्तर काय? "त्यातलं एक तरी अकाउंट लॉक झालं का? नाही ना? मग कायचा अटॅक?" डोकं आपटावंसं वाटलं. अहो सर, लॉक झालेला तो फोनवाला निरपराध आहे आणि लॉक न होणं हीच तर याची करामत आहे! लॉकआउट बघून अटॅक ठरवायचा म्हणजे जो दार वाजवतो त्याला चोर म्हणायचं आणि जो हळूच कडी चाचपून पुढे जातो त्याला पाहुणा.

आता सोर्स आयपी बघू म्हटलं तर तिथे दुसरी बोंब. ६१ च्या ६१ ला आयपी एकच, 10 ने सुरू होणारा, आमच्याच घरचा. व्हीपीएन गेटवे, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचं दार. बाहेरून कोणीही लॉगिन मारला की गेटवे ते नाव-पासवर्ड जसंच्या तसं डोमेन कंट्रोलरकडे, म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरकडे सरकवतो, त्यामुळे कंट्रोलरच्या 4625 मध्ये, म्हणजे फेल्ड लॉगिनच्या नोंदीत दिसतो तो गेटवेचा पत्ता. इथेच गेल्या वेळी एका भावाने "इंटरनल सोर्स, नो थ्रेट" लिहून तिकीट बंद केलं होतं, मी बघितलंय. खरा आयपी गेटवेच्या स्वतःच्या लॉगमध्ये असतो, आणि तो लॉग सीममध्ये येतो पण त्याचा पार्सर गेल्या दिवाळीपासून तुटलेला, आयपीचं फील्ड रिकामं, सगळं एका लांबलचक ओळीत कोंबलेलं. मग बसा डोळे फोडत, कच्च्या ओळी वाचत, कंट्रोलरच्या वेळेशी गेटवेची वेळ जुळवत. जुळवली. सहा आयपी निघाले, आळीपाळीने वापरलेले, सगळे परदेशातल्या सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांचे. आमचा माणूस घरून काम करतो तेव्हा मानेवाडा नाहीतर प्रतापनगरच्या ब्रॉडबँडवरून येतो, भाड्याच्या सर्व्हरवरून नाही.

मग दहा मिनिटांची खिडकी सोडून सात दिवस मागे गेलो, त्यासाठी सीमवर स्प्लंकची ही क्वेरी मारली:

```
index=wineventlog EventCode=4625 earliest=-7d
| bin _time span=1h
| stats count AS fails dc(TargetUserName) AS users BY _time IpAddress
| where users>20 AND fails/users<3
```

म्हणजे तासाभरात एका सोर्सवरून किती वेगवेगळी नावं फेल झाली, आणि नावामागे सरासरी किती वेळा. एवढंच. आमच्या गेटवेवर नेहमीच्या सोमवारी नऊ ते दहा आठ-दहा नावं फेल होतात, म्हणून वीसची रेघ आम्हाला पुरते, तुमच्याकडे लोक जास्त असतील तर आधी आपला सोमवार मोजा. आणि हा काही रामबाण नाही, कोणी तासाला दोन-तीन नावं या वेगाने आला तर यातूनही निसटतो, तिथे तासाऐवजी दिवस धरावा लागतो आणि अस्तित्वात नसलेल्या नावांवर वेगळी नजर ठेवावी लागते.

निघालं काय? रविवारी संध्याकाळी सातला एक पूर्ण फेरी, साधारण ३४० नावं, तासाभरात. रात्री अकराला दुसरी. आजची तिसरी, आणि अजून चालूच! आणि रविवारी अलर्ट का नाही वाजला? दर दहा सेकंदाला एक म्हणजे दहा मिनिटांत साठ, आणि आमची मर्यादा शंभर. समजलं का? हा अटॅक एकटा असता तर आमचा रूल जन्मात वाजला नसता. आज वाजला तो त्या फोनवाल्याने आणि विसरलेल्या शेड्युल्ड टास्कांनी गोंगाट केला म्हणून. त्या माणसाला खरं तर सीताबर्डीवर नेऊन संत्रा बर्फी द्यायला पाहिजे.

खरा धसका पुढे. फेल झालेले मोजून काय फायदा, प्रश्न एकच असतो, कोणाचा लागला का? गेटवेच्या लॉगमध्ये त्या सहा आयपींचे यशस्वी प्रयत्न शोधले. रविवारी रात्री ११:२० ला एक. पासवर्ड बरोबर, पुढे मोबाइलवर मंजुरी मागितली, ती मिळाली नाही म्हणून सेशन उघडलं नाही. थोडक्यात वाचलो, पण पासवर्ड त्यांच्या हातात गेलाय, आणि जिथे दुसरी पायरी नाही अशी एखादी जुनी सिस्टम असली तर तिथे तोच पासवर्ड चालेल. ताबडतोब पासवर्ड रीसेट, चालू सेशन सगळी तोडली, सहा आयपी गेटवेवर बंद केले (तासाभरात दुसऱ्या आयपीवरून येतील हे माहीत आहे, तरी), आणि त्या अकाउंटचे आठवड्याभराचे सगळे लॉगिन एकेक करून तपासले.

मग त्या भाऊला फोन लावला. म्हटलं, रात्री मोबाइलवर काही आलं होतं का? "हाव ना, झोपलो होतो, आलं काहीतरी, मी कट केलं." बरं केलं बापा. कोणाला सांगितलं का मग? "कायले सांगू? मले वाटलं ऑफिसचंच काही असन." आणि मी न विचारता वर सांगतो, पासवर्ड काही अवघड नव्हता, शहराचं नाव, ॲट, एक दोन तीन. कॅपिटल आहे, आकडा आहे, चिन्ह आहे, आमच्या पॉलिसीत एकदम फर्स्ट क्लास पास!

साडेबारा वाजले. पोह्यांची तर्री थिजून वर तेलाचा थर. रिपोर्ट लिहिला, रूल बदलायची मागणी टाकली, फेल मोजू नका, वेगवेगळे युजर मोजा, पार्सर दुरुस्त करा, कंट्रोलरचा आणि गेटवेचा लॉग जोडा. तीन वाजता त्यावर सरांचं उत्तर आलं.

"गुड वर्क. पण सोमवारी फार अलर्ट येतात, थ्रेशोल्ड १०० वरून ५०० करून टाकू."