भाऊजीला ब्लॉक करायच्या आधी हे वाचा

गावात कोणाला ब्लॉक केलं की ती गोष्ट दोन दिवसांत पारावर येते. शहरात ब्लॉक झालेला माणूस पुन्हा भेटेलच असं नाही. आपल्याकडे तो सकाळी बसस्टँडवर दिसतो, संध्याकाळी किराणा दुकानात दिसतो आणि पोळ्याला तर घरीच येतो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. नात्यातल्या किंवा गावातल्या माणसासाठी ब्लॉक हे शेवटचं बटण आहे, आणि बहुतेक लोक तेच सगळ्यात आधी दाबतात.

एक उदाहरण घेऊ. समजा समुद्रपूर तालुक्यातला एक महिला बचत गट इन्स्टाग्रामवर वायगावची हळद विकतो. पेज गटातली एक वहिनी चालवते. तिचा चुलत दीर प्रत्येक फोटोखाली लिहितो, ‘बाजारातून आणून पाकिटं भरता, वायगावची कशाची?’ गिऱ्हाईक ते वाचतं आणि न विचारताच निघून जातं. आता वहिनीने काय करावं?

तिने ब्लॉक केलं तर त्याला तिचं प्रोफाइल, पोस्ट, स्टोरी काहीच दिसणार नाही. तो शोधेल, सापडणार नाही, आणि त्याला लगेच कळेल. सूचना कोणतीच जात नाही, पण नाव गायब झालं की माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. त्याचे जुने लाइक आणि कमेंटही पेजवरून निघून जातात. हा फायदा वाटतो, पण उद्या पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात जायची वेळ आली तर दाखवायला काय उरणार? म्हणून ब्लॉक करायचंच असेल तर आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात त्याचं युजरनेम, कमेंट आणि तारीख तिन्ही दिसली पाहिजेत. नंतर अनब्लॉक केलं तरी गेलेल्या कमेंट परत येत नाहीत. एकमेकांना फॉलो करणंही सुटतं, ते पुन्हा नव्याने करावं लागतं.

ब्लॉक करताना इन्स्टाग्राम विचारतं, फक्त हेच अकाउंट की याची दुसरी अकाउंटही? दुसरा पर्याय निवडा. पण तो भावाच्या मोबाइलवरून, भावाच्या अकाउंटने आला तर ते अडवणं कठीण आहे. आपल्याकडे एक फोन चार हातांत फिरतो, हे त्या कंपनीला कुठून माहीत असणार!

आता Restrict बघा. या प्रकरणात वहिनीने हेच वापरावं. त्याच्या प्रोफाइलवर जाऊन वरचे तीन ठिपके दाबले की Restrict दिसतं. त्यानंतर त्याने केलेली नवी कमेंट त्याला स्वतःला दिसते, बाकी कोणाला दिसत नाही. वहिनीला त्या जागी कमेंट झाकलेली दिसते. ती उघडून वाचता येते, मंजूर करता येते, काढून टाकता येते किंवा तशीच ठेवता येते. कमेंट आल्याची सूचना तिच्या फोनवर वाजत नाही. भाऊजी मात्र समजतो की आपण बरोबर टोला मारला.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे Restrict फक्त पुढच्या कमेंटला लागू होतं. आधीच्या दहा कमेंट जागेवरच राहतात, त्या एकेक करून हाताने काढाव्या लागतात. दुसरं, हे लपून राहतं ते फक्त तोवर, जोवर तो दुसऱ्याच्या फोनवर बघत नाही. पानठेल्यावर तो मित्राला म्हणतो, ‘बघ ना, कशी कमेंट ठोकली,’ मित्र आपला मोबाइल उघडतो आणि तिथे कमेंटच नसते. मग विचारणा येते, ‘वहिनी, काऊन माही कमेंट दिसत नाही?’ हे होईल असं धरूनच चाला. त्यावर ‘पेजवरच्या काही कमेंट आम्ही बघून मग टाकतो’ हे उत्तर खरंही आहे आणि भांडण वाढवणारंही नाही.

मेसेजचं असं होतं: Restrict केलेल्याचे मेसेज नेहमीच्या इनबॉक्समधून निघून मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात. तुम्ही ते वाचले तरी त्याला ‘Seen’ दिसत नाही आणि तुम्ही ऑनलाइन आहात हेही कळत नाही. पण त्याच माणसाने कधी खरंच दोन किलो हळदीची ऑर्डर दिली तर तीही तिथेच पडून राहते. रिक्वेस्टचा कप्पा आठवड्यातून एकदा उघडा.

एवढं करूनही वहिनीला त्याच्या रील्स दिसतच राहतात, आणि तिथेच लोक म्हणतात की Restrict चालत नाही. बाप्पा, ते त्याचं कामच नाही! Restrict त्याचं बोलणं झाकतं. तुम्हाला काय दिसावं, ते Mute ठरवतं. तुम्ही त्याला फॉलो करत असाल तर त्याच्या प्रोफाइलवर Following दाबा, मग Mute, आणि पोस्ट व स्टोरी दोन्हीची बटणं चालू करा. त्याला कळत नाही, फॉलोही तुटत नाही. मात्र Mute ने त्याचं काहीच अडत नाही. तो तुमच्या पोस्टवर कमेंट करू शकतो, मेसेजही तुमच्या इनबॉक्समध्येच येतो. म्हणून या प्रकरणात दोन्ही सोबत लावायचे.

आणि इन्स्टाग्राम आपणहून दाखवतं त्या शिफारशी? तुम्ही एका माणसाला म्यूट किंवा ब्लॉक केलं, म्हणून तसल्याच भांडखोर रील्स दुसऱ्या अकाउंटवरून यायच्या थांबत नाहीत. त्यासाठी रीलवरच्या तीन ठिपक्यांत जाऊन Not interested दाबावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. आणि ‘बघू तर काय म्हणते’ म्हणत तसली रील शेवटपर्यंत बघितली, तर आपणच अजून मागवून घेतो.

आता सगळ्यात मोठा घोळ. फेसबुकवरही Restricted नावाची यादी आहे आणि तिचा अर्थ वेगळाच आहे. तिथे त्या यादीत टाकलेला मित्र तुमचा मित्रच राहतो, पण त्याला तुमच्या फक्त सार्वजनिक पोस्ट आणि त्याला टॅग केलेल्या पोस्ट दिसतात. सार्वजनिक पोस्टवरची त्याची कमेंट सगळ्यांना दिसते, ती झाकली जात नाही. बचत गटाच्या पोस्ट तर सार्वजनिकच असतात, म्हणजे तिथे या यादीचा काडीचा उपयोग नाही. फेसबुकवर त्याच्या पोस्टचा कंटाळा आला असेल तर Snooze ने 30 दिवस थांबवा किंवा Unfollow करा, मैत्री तशीच राहते. आणि फेसबुकवर रागात ब्लॉक, मग पश्चात्ताप, मग अनब्लॉक असा खेळ करू नका. अनब्लॉक केल्यावर त्याच माणसाला पुन्हा ब्लॉक करायला 48 तास थांबावं लागतं, आणि मैत्रीची रिक्वेस्ट नव्याने पाठवावी लागते, म्हणजे कळायचं ते कळतंच.

व्हॉट्सॲपवर Restrict नाही. ब्लॉक केलं की त्याच्या मेसेजला एकच टिक राहते, कॉल लागत नाही. मधल्या काळातले मेसेज अनब्लॉक केल्यावरही मिळत नाहीत. पण गावाच्या ग्रुपमध्ये तुम्ही दोघं असाल तर तिथे तो तुम्हाला दिसणारच आणि तुम्ही त्याला. तिथे दोनच मार्ग आहेत, एक ॲडमिनला सांगणं आणि दुसरा ग्रुप सोडणं. ग्रुप म्यूट केला तर फक्त आवाज बंद होतो, मेसेज येतच राहतात.

धमकी, बाईमाणसाबद्दल घाणेरडं लिहिणं किंवा फोटो पसरवणं असेल तर मात्र Restrict करून शांत बसायचं नाही. स्क्रीनशॉट घ्या, त्या अकाउंटची लिंक कॉपी करून ठेवा, मग रिपोर्ट करा, मग ब्लॉक करा, याच क्रमाने. तक्रार ठाण्यात किंवा cybercrime.gov.in वर करता येते. तिथे तो नात्यातला आहे की नाही, हे बघायचं काम नाही.